एक फोटो, चार ओळी: लग्नाच्या वाढदिवसाला काय लिहावं?

फोटो आधी सांगते. डिसेंबरातली सकाळ, पर्वतीचा माथा. आम्ही दोघं कठड्याला टेकून बसलोय, मागे धुरकट पुणं. ह्याच्या कपाळावर घाम, माझे केस वाऱ्याने तोंडावर आलेले, मध्ये स्टीलची पाण्याची बाटली. लेकीने न सांगता काढला, म्हणून दोघांपैकी कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. लग्नाला त्या आठवड्यात चौदा वर्षं होणार होती, आणि लावायचा तर हाच फोटो, हे ठरलं होतं. अडलं ते त्याखालच्या ओळीपाशी.

मी चार वेगवेगळ्या वळणांनी लिहून पाहिलं. तुमच्यापुढेही फोटो उघडा असेल आणि कर्सर लुकलुकत असेल, तर या चार वळणांपैकीच काहीतरी मनात असणार, म्हणून शेजारी शेजारी मांडते.

पहिलं, सगळ्यांना सुचतं ते:

«माझ्या आयुष्याचा आधार, माझा सखा, माझा श्वास. सात जन्म हाच जोडीदार लाभो. लग्नाच्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!»

यात खोटं काही नाही. पण फोटो झाकून फक्त ओळ वाचा, आणि मग तिच्यावर कोणत्याही जोडप्याचा फोटो ठेवून बघा. प्रत्येकावर चालते. जी ओळ कुणाच्याही फोटोखाली बसते, ती तुमच्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही, आणि ती रिकामी जागा मग विशेषणं भरून काढतात. दिखाऊपणा येतो तो तिथून. शिवाय ‘शुभेच्छा’ हा शब्द दुसऱ्यांनी आपल्याला द्यायचा. शेजारी पोळी खाणाऱ्या नवऱ्याला मोबाइलवरून शुभेच्छा दिल्या, की वाचणाऱ्याला कळतं की बोलणं त्याच्याशी चाललेलंच नाही.

दुसरं टोक अस्सल पेठी:

«१४ वर्षं.»

मला हे आधी फार आवडलं होतं. कमी शब्द, लाड नाहीत. काही फोटोंना हे खरंच शोभतं: लग्नातला जुना फोटो आणि आजचा, शेजारी लावलेले असले तर आकड्यापलीकडे काही लागतच नाही. पण आमच्या फोटोत घामाघूम नवरा आणि विस्कटलेली बायको. त्याखाली नुसतं ‘चौदा वर्षं’ लिहिलं की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते. बहिणीला पाठवून पाहिलं, तिचं उत्तर मिनिटाच्या आत आलं: «वनवास संपला का गं?» तेरा किंवा पंधरा असती तर कदाचित निभावलं असतं. कोरडी ओळ वाचणारा आपल्या मनाने भरतो, आणि तो काय भरेल यावर आपला ताबा नसतो.

तिसरा मार्ग आपल्याकडे तयारच आहे, आणि तो कुणाला सुचत कसा नाही याचं मला नवल वाटतं: उखाणा. नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही अशी रीत होती, तेव्हा ते यमकाच्या आडून घ्यायची ही सोय. पहिल्या ओळीत भलतंच काही, दुसरीत नाव चटकन सरकवायचं आणि पुढे निघायचं. माया आहे, पण ती तिरकस वाटेने येते. मी केला तो असा, नावाची जागा उखाण्यांच्या पुस्तकात सोडतात तशी सोडून:

«पर्वतीच्या पायऱ्या एकशेतीन बरोब्बर,
…राव पुढे पळाले, पाणी माझ्याबरोबर.»

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याला तोड नाही. आत्या, मावश्या, नणंदा, सगळ्या उखाण्याला उखाण्याने उत्तर देतात, आणि कौतुकाचा रोख आपल्यावरून यमकावर जातो. अट एकच, उखाणा आपला हवा. चांदीच्या वाटीचा किंवा ताटाचा कुठूनतरी उतरवलेला असेल तर पहिल्या शब्दालाच ओळखला जातो, आणि मग तो वर सांगितलेल्या शुभेच्छांच्याच रांगेत जाऊन बसतो. इन्स्टाग्रामवर मात्र मी तो लावला नसता. तिथे माझ्या ऑफिसातले निम्मे लोक मराठी नाहीत. आणि उखाणा कानाने ऐकायचा असतो, मनातल्या मनात वाचला की यमक तेवढं उरतं, ठसका जातो.

राहिलं चौथं, म्हणजे त्या दिवशी घडलं ते सांगणं. याच्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. पहिला खर्डा असा होता:

«आज आपल्या लग्नाला १४ वर्षं झाली. पर्वती चढताना तू नेहमीसारखा पुढे निघून गेलास आणि पाण्याची बाटली माझ्याकडेच राहिली. पण तू माझ्यासाठी परत खाली आलास. अशीच साथ आयुष्यभर दे.»

घटना चांगली आहे, ओळ बिघडलेली आहे. का, ते नीट पाहू, कारण बहुतेकांची गाडी इथेच घसरते.

पहिली गोष्ट ‘तू’. दोनशे लोकांसमोर नवऱ्याला ‘तू’ म्हणून लिहिलं की ते पत्र होतं आणि वाचणारे चोरून पत्र वाचणारे होतात. ‘हा’ म्हटलं की मी वाचणाऱ्याशी बोलतेय आणि नवरा शेजारी बसलाय, जसं एखाद्या दिवाळीच्या फराळाला असतं. त्याच्याबरोबर ‘आपल्या’चं ‘आमच्या’ होतं. ‘आपल्या लग्नाला’ हे नवऱ्याशी बोलताना ठीक आहे, लोकांशी बोलताना ‘आमच्या’च हवं. मराठीत हा भेद फुकट मिळतो, वापरायला हवा.

दुसरी गोष्ट ‘माझ्यासाठी’. तो परत आला, हे सांगितल्यावर कोणासाठी हे वाचणाऱ्याला कळतं. मी ते सांगितलं की त्याच्या हातातला घास काढून घेतल्यासारखं होतं. आणि शेवटचं वाक्य तर पहिल्या नमुन्यातून चुकून इकडे आलंय.

मग मी आठवून पाहिलं की नेमकं काय झालं होतं. मी मध्येच एका पायरीवर बसले होते, धाप लागली होती. हा वर पोचला होता. थोड्या वेळाने परत खाली उतरून आला, बाटली घेतली, दोन घोट प्यायला, आणि माझ्या शेजारी बसला. मी म्हटलं, कशाला आलास परत. म्हणाला, «तहान लागली होती.» झालं एवढंच. त्यावरून ओळ अशी झाली:

«१०३ पायऱ्या. हा आधी वर पोचला, आणि मग वीस पायऱ्या परत उतरून आला. पाण्यासाठी, म्हणे. आज १४ वर्षं झाली.»

सगळा जीव त्या ‘म्हणे’त आहे. ‘पाण्यासाठी’ असं नुसतं लिहिलं तर नवरा तहानलेला, एवढंच. ‘म्हणे’ आलं की माझा विश्वास बसलेला नाही हे कळतं, त्याला ते कळलंय हेही कळतं, आणि कोणीच काही कबूल केलेलं नाही. प्रेम हा शब्द कुठेही नाही.

टोमण्याची भीती मात्र इथेच असते. पुणेरी खवचटपणा फोटोखाली गोड वाटतो तो एका मर्यादेपर्यंत. मी तपासायची एक साधी पद्धत वापरते: ओळीत हसू कोणाचं होतंय? ‘हा पुढे पळाला, पाणी माझ्याकडेच’ यात फक्त त्याचं होतं. हे उखाण्यात चालतं, तिथे चेष्टा हा खेळाचा भाग असतो. फोटोखाली ते तक्रारीसारखं वाचलं जातं आणि कोणीतरी गंभीरपणे विचारतं, सगळं ठीक आहे ना? तो परत उतरला हे आलं की तोल सावरतो.

‘१४ वर्षं’ शेवटी ठेवलीत तेही मुद्दाम. आकडा पहिला आला की ती घोषणा होते. शेवटी आला की जाता जाता सांगितल्यासारखा वाटतो, आणि वनवासही आठवत नाही, कारण तोवर माणसं आधीच हसलेली असतात. इन्स्टाग्रामवर लांब मजकूर असेल तर सुरुवातीचाच भाग दिसतो आणि बाकीचं उघडून वाचावं लागतं, त्यामुळे ओळ लांबली तर नेमका ‘म्हणे’ आत जायचा. म्हणूनही आखूड ठेवली. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला अडचण वेगळी: तिथे अक्षरं फोटोच्या खालच्या भागावर येतात, आणि आमच्या फोटोत तिथेच बाटली आहे. स्टेटस चोवीस तासांत जातंच, तर तिथे मी फक्त «पाण्यासाठी, म्हणे.» एवढंच ठेवलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

घरच्या ग्रुपवर उलटं करावं लागतं. तिथे आकडा पहिला, कारण मोठ्यांना आशीर्वाद द्यायची घाई असते, त्यांना कोड्यात ठेवणं बरं नाही. आणि तिथे सासूबाई आहेत. घरात मी ह्याला अरे-तुरे करते, त्यांच्यासमोरही करते, पण लिहिताना त्यांच्या बहिणी वाचणार हे माहीत असतं. म्हणून तिथे: «आज आमच्या लग्नाला १४ वर्षं झाली. पर्वतीवर हे आधी पोचले, आणि वीस पायऱ्या परत उतरून आले. पाण्यासाठी, म्हणे.» गंमत म्हणजे ‘हे’ आणि ‘आले’ झाल्यावर चेष्टा जास्तच खुलते. मान देऊन केलेली खोडी, हा उखाण्याचाच बाज झाला.

तेव्हा निवड माझ्या मते अशी. फोटो स्वतः बोलत असेल तर आकडा पुरे, फक्त चौदाच्या वर्षी जपून. वाचणारे सगळे घरचे असतील तर उखाणा, पण स्वतः जुळवलेला. सरमिसळ लोक असतील तर घडलेली एक गोष्ट, तीन-चार छोट्या वाक्यांत. मोठ्या विशेषणांची ओळ कोणाला हवीच असेल तर ती कागदावर लिहून डब्यात ठेवावी, तिथे ‘तू’ही शोभतो.

लावायच्या आधी ओळ ह्याला दाखवली. हे मी नेहमी करते, फोटोत चेहरा दोघांचा असतो. त्याने चष्मा वर करून दोनदा वाचली. मला वाटलं ‘म्हणे’वर अडला.

«वीस नव्हत्या,» तो म्हणाला. «बारा होत्या.»

मी बारा केलं.