'नमस्कार मंडळी' की नुसतं 'नमस्कार'? पॉडकास्टचं पहिलं वाक्य ठरवताना

रत्नागिरीकडचे माझ्या ओळखीतले काहीजण सध्या पॉडकास्ट सुरू करायच्या तयारीत आहेत. माइक कुठला घ्यायचा हे त्यांचं कधीच ठरलंय. अडतं ते एकाच जागी: सुरुवातीला म्हणायचं काय? पर्याय तसे दोनच. एक म्हणजे सगळ्यांना एकदम साद घालणारं, वरच्या पट्टीतलं 'नमस्कार मंडळी'. दुसरं म्हणजे एकाच माणसाशी बोलावं तसं, खालच्या पट्टीतलं 'नमस्कार', आणि पुढच्याच वाक्यात विषय. मी दोन्ही पद्धतींनी भाग केलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'मंडळी'ची परंपरा रेडिओची आहे आणि ती बिनकारणाची नाही. अमीन सयानींनी 1952 पासून रेडिओ सिलोनवरून बिनाका गीतमाला सादर केली, तेव्हा एका रेडिओभोवती अख्खं घर बसायचं, कधी शेजारही. त्यांचं 'बहनों और भाइयों' त्या घोळक्यासाठी होतं. बहिणींना आधी हाक मारल्यामुळे स्वयंपाकघरातून ऐकणारीलाही ते आपल्यालाच म्हणताहेत असं वाटायचं. शिवाय तो कार्यक्रम आठवड्यातून एकदा यायचा. सात दिवसांनी भेटणाऱ्या माणसाने जरा पसरून नमस्कार केला तर बरंच वाटतं.

रेडिओच्या नमस्काराला आणखी एक काम असतं. ऐकणारा कुठल्याही क्षणी येऊन टपकतो, त्यामुळे केंद्र कुठलं, कार्यक्रम कुठला, बोलतंय कोण हे सांगावंच लागतं. आकाशवाणीची संकेतधून हीसुद्धा ओळखच. वॉल्टर कॉफमन यांनी 1936 च्या सुमारास बांधलेली ती धून वाजली की उद्घोषकाने तोंड उघडायच्या आधीच आपण कुठे आहोत ते कळतं. पॉडकास्टचं तसं नाही. ऐकणाऱ्याने नाव वाचून, चित्र बघून, स्वतः बटण दाबलेलं असतं. त्याला तुमची ओळख एका वाक्याएवढीच हवी असते. उलट चिपळूणहून सावंतवाडीला निघालेला माणूस तुमचे तीन भाग एकामागोमाग ऐकतो, आणि तीच धून, तेच 'कसे आहात सगळे?' त्याला दर तासाला भेटतं.

एवढ्यावर मी कदाचित 'मंडळी'च ठेवलं असतं. माझं मत फिरवलं ते आवाजाच्या पातळीने.

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाड्यांच्या मधल्या जागेत उभं राहून ऐकायची मला सवय आहे. खाली इंजिन, वर वारा. अशा ठिकाणी माणूस आवाज कधी लावतो? पहिल्या वाक्याला. निवेदक उत्साहात 'नमस्काऽऽर मंडळी!' म्हणतो, कान दुखतो, आपण दोन घरं आवाज कमी करतो. मग पाहुणा बोलायला लागतो. तो मच्छीमार असतो, नाहीतर आंबा बागायतदार, माइकपासून वीतभर लांब, नेहमीच्या संथ सुरात. इंजिनाच्या घरघरीत त्याचं एक वाक्य ऐकू येत नाही. फोन पुन्हा खिशातून काढा, आवाज वाढवा. आणि मध्येच निवेदक 'अरे वा!' म्हणून परत वर जातो.

यात मापाचाही घोळ आहे. पॉडकास्टसाठी साधारण उणे 16 एलयूएफएस ही आवाजाची पातळी धरली जाते आणि सॉफ्टवेअरने भाग तिथे आणून ठेवता येतो. पण ही पातळी अख्ख्या भागाची सरासरी असते. चाळीस मिनिटांच्या भागात पाच सेकंदांचा मोठा नमस्कार त्या सरासरीला धक्कासुद्धा लावत नाही. आकडा बरोबर दिसतो आणि ऐकणारा वैतागतो. ऑडॅसिटीत भाग उघडून डावीकडची पहिली उभी टोकं बघा. पाहुण्याच्या टोकांपेक्षा ती दुपटीने उंच असतील तर हाच प्रकार आहे. कंप्रेसर लावून ती कापता येतात, पण मोठ्याने बोललेला स्वर आवाज कमी केल्यावरही मोठ्याने बोललेलाच वाटतो. गळा ताणलेला कळतो.

खालच्या पट्टीतला नमस्कार पाहुण्याच्याच पातळीवर असतो. ऐकणारा त्याला बेताने आवाज लावतो आणि तो शेवटपर्यंत पुरतो. माझ्यापुरतं तरी हे एवढंच कारण पुरेसं होतं.

दुसरी अडचण सुराची. समजा भाग चिपळूणच्या 22 जुलै 2021 च्या महापुरावर आहे आणि पाहुणे बाजारपेठेतले दुकानदार आहेत. ठरलेली सुरुवात अशी: 'नमस्कार मंडळी! कसे आहात सगळे? मजेत ना? आजचा विषय जरा गंभीर आहे...' त्या 'मजेत ना'नंतर गंभीर व्हायला निवेदकाला सूर बदलावा लागतो, आणि तो बदल ऐकू येतो. समोर बसलेल्या दुकानदारालाही येतो. तो जपून, छापील उत्तरं द्यायला लागतो. आता दुसरी सुरुवात: 'नमस्कार. मी अमुक. चिपळूणच्या बाजारपेठेत एका दुकानात बसलोय. भिंतीवर खांद्याच्या वर एक रेघ आहे, ती पुराच्या पाण्याची.' चार वाक्यांत माणूस, जागा आणि विषय आला, आणि कसं वाटून घ्यायचं हे ऐकणाऱ्याला सांगावं लागलं नाही. हीच चौकट शिमग्याच्या भागालाही चालते, फक्त तिसरं-चौथं वाक्य बदलतं.

मालवणीत सुरुवात करावी का, असंही बरेचजण विचारतात. 'काय मगे, बरे आसात मां?' कानाला गोड लागतं यात वाद नाही. पुढचा सगळा भाग मालवणीत असेल तर जरूर करा, त्याहून चांगलं काही नाही. पण नमस्कार मालवणीत आणि दुसऱ्या वाक्यापासून पुस्तकी मराठी असेल तर मालवणातल्या माणसाला ते लगेच खुपतं. संगमेश्वरी किंवा आगरी बोलणाऱ्याला तर हा कार्यक्रम आपल्यासाठी नाही असं पहिल्याच ओळीत वाटू शकतं. कोकण एक असलं तरी बोली एक नाही.

'मंडळी' कुणी ठेवावं? ज्यांचा कार्यक्रम थेट चालतो, फोन येतात, गावच्या सभागृहात माणसं समोर बसलेली असतात, त्यांनी. तिथे खरोखरच घोळका असतो, आणि खालच्या पट्टीत बोललं तर मागच्या रांगेला वाटेल माइक बंद पडला. मुलांच्या गोष्टींनाही मोठा नमस्कार शोभतो, असं मला वाटतं. बाकी एकट्याने कानात घालून ऐकायच्या गप्पा असतील तर मी नुसत्या 'नमस्कार'च्या बाजूचा आहे.

ते ठरलं तर एक करा. नमस्कार सगळ्यात शेवटी रेकॉर्ड करा. पाहुण्याशी तासभर बोलून झालं की त्याच खुर्चीत, माइक आणि लेव्हल न हलवता, ती चार वाक्यं म्हणा. गप्पांनी गळा मोकळा झालेला असतो, जोरात बोलायची ऊर्मी ओसरलेली असते आणि आवाज आपोआप पाहुण्याच्या आवाजाशेजारी जाऊन बसतो. मग भाग फोनवर घेऊन एस.टी.त चढा. नमस्काराला आवाज लावा आणि फोन खिशात टाका. स्टँड येईपर्यंत तो परत बाहेर काढावा लागला, तर पहिलं वाक्य पुन्हा रेकॉर्ड करा.