थांबलेली मोटर आणि फिरती मोटर

नागपुरात मे महिन्यात कूलरचा कंडेन्सर गेला की पंखा नुसता गुणगुणतो. काडीने ढकलला, तर ढकलाल त्या दिशेने धावतो.

कंडेन्सर नसला की मोटरमध्ये उरतं एकाच फेजचं चुंबकीय क्षेत्र, आणि ते जागच्या जागी कमी-जास्त होतं. ते म्हणजेच निम्म्या ताकदीची, विरुद्ध दिशांनी फिरणारी दोन क्षेत्रं. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, थांबलेला असताना दोघांची ओढ सारखीच, बेरीज शून्य.

फिरत्या रोटरचं गणित वेगळं. चार पोल, ५० हर्ट्झवर क्षेत्रं मिनिटाला १५०० फेरे घेतात. रोटर १४०० वर असेल तर सोबतच्या क्षेत्राशी फरक १०० फेऱ्यांचा, उलट्याशी तब्बल २९००! उलट्या क्षेत्रामुळे रोटरमध्ये सुमारे ९७ हर्ट्झचा प्रवाह वाहतो. त्या वारंवारतेला रिॲक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा चुंबकीय अडथळा, वाढून प्रवाह व्होल्टेजच्या फार मागे पडतो, म्हणून उलटा टॉर्क, म्हणजे उलटं फिरवणारा जोर, तुटपुंजा राहतो. पण शून्य होत नाही. चालू मोटरही त्या उलट्या क्षेत्रामुळेच थरथरते.