दोन लाखांच्या आतली रक्कम: आयएमपीएस की एनईएफटी?

किरकोळ पैसे यूपीआयने जातात, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. प्रश्न येतो तो लाखाच्या पुढे. तिथे यूपीआयची नेहमीची मर्यादा संपते आणि आरटीजीएस दोन लाखांपासून सुरू होतं. मधल्या रकमेला आयएमपीएस किंवा एनईएफटी, हे दोनच रस्ते उरतात.

मी जुनी गाडी घेतली तेव्हा एक लाख ऐंशी हजार द्यायचे होते. आयएमपीएसची मर्यादा पाच लाख, पैसे काही सेकंदांत पोचतात, म्हणून मालकाच्या दारात उभं राहूनच पाठवले. माझ्या खात्यातून रक्कम वजा झाली, त्यांच्याकडे मात्र मेसेज येईना. ॲपवर 'Pending' एवढंच दिसत होतं. किल्ली त्यांच्या हातात, पण ते तरी कशी देणार? आणि मी परत पाठवावेत, तर पहिले पोचले की दुप्पट जायचे. शेवटी पैसे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याच खात्यात परत आले. यात नियमाबाहेरचं काही घडलं नव्हतं. अडकलेलं आयएमपीएस परत करायला बँकेला पुढच्या दिवसापर्यंत मुदत असते. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, पण तोवर व्यवहार लटकलेलाच राहतो.

एनईएफटीला लोक संथ म्हणतात, ते खरंच आहे. ते दर अर्ध्या तासाच्या बॅचने जातं. अकरा वाजून पाच मिनिटांनी पाठवलेले पैसे साडेअकराच्या बॅचमध्ये बसतात. त्यानंतर दोन तासांत, म्हणजे दीडपर्यंत, समोरच्या बँकेने ते जमा करायचे किंवा परत पाठवायचे असतात. म्हणजे उशीर किती होईल हे आधीच माहीत असतं, आणि मला तेच हवं होतं. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी रात्री आणि रविवारीही चालतं. बचत खात्यातून ऑनलाइन पाठवलं तर शुल्कही लागत नाही. पुढचे मोठे हप्ते मी सकाळी घरून एनईएफटीने पाठवले आणि यूटीआर क्रमांक समोरच्याला कळवला. पैसे कुठे आहेत हे त्या क्रमांकावरून त्यांना त्यांच्या बँकेत विचारता येतं.

रात्री अकराला दवाखान्यात पैसे भरायचे असतील तर अर्थात आयएमपीएसच. बहुतेक वेळा ते पोचतंच, माझा अनुभव कदाचित अपवाद असेल. दोन लाख किंवा त्याहून जास्त असतील तर मात्र मी सरळ आरटीजीएस निवडतो. त्यात प्रत्येक व्यवहार बॅचची वाट न पाहता स्वतंत्र मिटतो आणि अर्ध्या तासात जमा व्हावा अशी अपेक्षा असते.

ज्या खात्यावर पैसे पाठवायचे ते नवीन असेल तर आदल्या दिवशीच आपल्या बँकेत जोडून ठेवा. बऱ्याच बँका पहिल्या दिवशी नव्या खात्यावर कमी रक्कम पाठवू देतात, मग यातलं काहीही निवडलं तरी गाडी तिथेच अडते.