लॉक-इनचं कलम: सारांश की तुकडे पाडून लिहिणं?

भाड्याच्या घराच्या करारात लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक काळ बांधून ठेवणारं, कलम असं असतं: ‘परवानाधारकाने पहिल्या सहा महिन्यांत जागा सोडल्यास उर्वरित सहामाहीचे शुल्क देण्यास तो जबाबदार राहील; तदनंतर कोणताही पक्ष एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपुष्टात आणू शकेल.’

परवानाधारक म्हणजे घर भाड्याने घेणारे तुम्ही. हे कलम सोप्या भाषेत लिहायचे दोन मार्ग आहेत: सारांश करणं किंवा तुकडे पाडून लिहिणं. वेळ पाहिला तर सारांश मिनिटात होतो: ‘सहा महिने घर सोडता येणार नाही.’ पण अर्थ बिघडला. घर सोडता येतं, पैसे मात्र भरावे लागतात. शिवाय नोटिशीची अट गळाली.

तुकडे पाडताना कोण, कधी, काय केलं तर, किती, हे वेगळं काढायचं: ‘तुम्ही सहा महिन्यांच्या आत घर सोडलंत, तर सहा महिने पुरे होईपर्यंतचं शुल्क द्याल. त्यानंतर तुम्ही किंवा मालक, कोणीही महिनाभर आधी लेखी कळवून करार संपवू शकता.’ महिन्याचं शुल्क 15,000 रुपये असेल आणि चौथा महिना संपताच घर सोडलं, तर 30,000 द्यावे लागतील. मग मूळ कलमातला प्रत्येक आकडा, ‘कोणताही’, ‘लेखी’ यांवर खूण करत ताडून पाहा. पहिल्या सहा महिन्यांत मालक घर रिकामं करायला सांगू शकतो का, यावर कलम गप्प आहे; तिथे अंदाजाने वाक्य घालू नका, मालकाकडून लिहून घ्या.

कुठली कलमं नीट वाचायची एवढंच ठरवायचं असेल तर सारांश चालेल. सही करायची असेल किंवा घर मध्येच सोडायचं असेल, तर तुकडेच पाडा.