पाचशे किलोचा हूक आणि माझ्या आईचं मनगट

आमच्या वाईच्या घरात माजघरात झोपाळा होता. तुळईला जाड कड्या, त्यात पितळी साखळ्या. आई त्यावर बसून भाजी निवडायची. ते घर गेलं, आई आमच्याकडे वाकडला फ्लॅटमध्ये राहायला आली, आणि तिला बसायला काहीतरी झुलतं असावं एवढ्या इच्छेने मी गेल्या दसऱ्याला वेताची हँगिंग चेअर घेतली. जानेवारीत ती चेअर आईसकट खाली आली. तिचं उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. चूक कुठे झाली आणि मला कसं फसवलं गेलं हे नीट लिहिते, कारण असाच हूक आज अनेकांच्या बाल्कनीत आणि हॉलमध्ये लागलेला आहे.

दुकानदाराने चेअरबरोबर 650 रुपयांचा हूक दिला. त्याच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘500 किलो’ छापलेलं होतं. स्लॅबमध्ये बसवायचे आणखी 2,800 सांगितले. एवढे का, असं विचारल्यावर म्हणाला, “ताई, साधं फिटिंग नाही, केमिकल अँकर करून देतो. स्लॅब पडेल पण हूक पडणार नाही.” मी घासाघीससुद्धा केली नाही. आईच्या बसण्याचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा शिडी आणि साधी ड्रिल मशीन घेऊन आला. दोन मिनिटांत भोक पाडलं, हूक ठोकला, पान्याने नट आवळला, कडेने दोन रंगांची पुट्टी मळून फासली आणि म्हणाला, “झालं केमिकल.” दहा मिनिटांत चेअर टांगली आणि स्वतः बसून दाखवलं. मी खूश.

तिसऱ्या आठवड्यात रोज सकाळी चेअरखाली फरशीवर पांढरी पूड दिसायला लागली, चिमूटभर, गोलाकार. मी झाडून टाकायचे. मग वर पाहिलं तर हुकाची वाटी छतापासून नखाएवढी सुटली होती. दुकानात फोन केला. त्यांनी त्याच मुलाला पाठवलं. त्याने ती फट पांढऱ्या पुट्टीने बुजवली, वर रंगाचा हात फिरवला आणि सांगितलं, “नवीन आहे, सेट होतंय.” खरी फसवणूक मला इथे वाटते. हूक बाहेर येतोय हे त्याला दिसलं होतं आणि त्याने ते झाकलं.

आई पडली त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे काका आले. ते पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. आईला हॉस्पिटलला नेऊन आम्ही रात्री परत आलो, तेव्हा त्यांनी स्टुलावर चढून त्या भोकात टॉर्च मारला आणि काडी घालून खोली मोजली. सगळ्यात खाली पीओपीचा पांढरा थर 12 मिमी. त्याच्यावर सिमेंटचं प्लास्टर 15 मिमी. म्हणजे 27 मिमी जागा अशी, जी कुठलाच भार धरत नाही. हुकाच्या मागचा फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, होता 50 मिमीचा. उरले 23 मिमी, तेवढाच तो खऱ्या काँक्रीटमध्ये होता. काका म्हणाले, स्लॅबच्या सळईखाली साधारण 20 मिमीचं कव्हर असतं. तुझा हूक सगळा मिळून त्या कव्हरच्या सालीला लटकत होता.

फास्टनर उपसला जातो तेव्हा नुसता बोल्ट सरकत नाही, काँक्रीटचा उलट्या कुल्फीसारखा शंकू तुटून येतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. फास्टनर जितका खोल तितका शंकू मोठा, आणि खोली अर्धी झाली की पकड अर्धी राहत नाही, साधारण एक तृतीयांशावर येते. आमच्या जमिनीवर पडलेल्या तुकड्यांमध्ये वाटीएवढी एक खपली होती. वरून करडी, खालून पांढरी. तोच तो शंकू.

भोकाच्या आत केमिकलचा थेंबही नव्हता, कोरडी भुकटी होती. पुट्टी फक्त तोंडाशी. खरं केमिकल कसं ओळखायचं हे मला आधी ठाऊक असतं तर त्या मुलाला मी शिडीवर चढूच दिलं नसतं. ते कार्ट्रिजमध्ये येतं, बंदुकीसारख्या गनला लावतात आणि लांब नळीतून त्यातले दोन घटक मिसळत भोकाच्या तळापासून भरत येतात. त्याआधी भोक पंपाने फुंकून आणि ब्रशने घासून साफ करावं लागतं, कारण भुकटीला चिकटलेलं केमिकल काँक्रीटला चिकटत नाही. मग आट्यांचा रॉड फिरवत आत घालतात आणि कार्ट्रिजवरच्या तक्त्यात त्या तापमानाला दिलेला वेळ होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. टांगायला दहा मिनिटांत तयार झालं तर ते केमिकल अँकरिंग नाहीच.

शिवाय काकांच्या मते डोक्यावर कायम ओढ राहणाऱ्या जागी केमिकल हे आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या बोगद्यात 2006 साली छताचे काँक्रीटचे पॅनल एका मोटारीवर कोसळले आणि एका बाईचा जीव गेला. तिथे अँकर इपॉक्सीत बसवलेले होते आणि चुकीच्या प्रकारचं इपॉक्सी सततच्या ओढीखाली हळूहळू ताणत गेलं होतं. म्हणून ‘केमिकल’ हा शब्द ऐकून जास्तीचे पैसे देण्याआधी कुठलं आणि कशासाठी मान्य केलेलं, हे विचारायला हवं. प्लास्टिकची गिट्टी तर छतावर माणसाच्या वजनासाठी कधीच वापरू नये.

आता त्या ‘500 किलो’विषयी. हूक तसाच्या तसा शाबूत होता, वाकलाही नव्हता. आकडा छापला होता तो धातूच्या कडीचा, आणि तोही बहुधा ती कितीला तुटेल याचा. रोज वापरायचा सुरक्षित भार त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच धरतात. पाकिटावर दोन्हींपैकी कोणता ते लिहिलेलं नव्हतं, बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, बोल्टचा साइझही नव्हता. आणि फास्टनर स्लॅबमध्ये किती धरेल याच्याशी त्या आकड्याचा काही संबंधच नसतो.

आमचा हिशेब काकांनी कागदावर मांडला. आई 68 किलो, चेअर गादीसकट 22, म्हणजे 90. कोणी धपकन बसलं की क्षणभर त्याच्या दुप्पट ओढ लागते, म्हणजे 180. नातवंडांनी जोरात झोका घेतला, 45 अंशांपर्यंत, तर खालून जाताना दीडपटीहून जास्त. शिवाय प्रत्येक झोक्याला हूक आडवा हलतो आणि नट थोडा थोडा सैल करतो. म्हणून रोजचा सुरक्षित भार किमान 200 किलो असलेली जोडणी हवी, फिरती कडी किंवा बेअरिंग असलेला बंद आय, म्हणजे तोंड नसलेली पूर्ण गोल कडी, हवा. उघड्या तोंडाचा हूक नको, त्यातून साखळी निसटते.

फॅनच्या हुकाला टांगू का, हे मीही विचारलं होतं. फॅन चार-पाच किलोचा असतो. स्लॅब भरताना फॅनबॉक्समध्ये आडवी घातलेली ती सळई कोणती, कशी अडकवलेली आहे हे बाहेरून दिसत नाही. तिच्यावर माणूस बसवायचा नाही.

नवीन फिटिंग फेब्रुवारीत काकांच्या देखरेखीखाली झालं. आधी जागा बदलली, कारण जुन्या भोकाभोवतालचं काँक्रीट दुखावलेलं होतं. फॅनबॉक्सपासून स्विचबोर्डाकडे जाणाऱ्या सरळ रेषेत स्लॅबमधून वायरीचे पाइप गेलेले असतात, ती रेषा टाळली. छतावर ठोकून पाहिलं, जिथे पोकळ आवाज आला तिथे नाही. बाथरूमच्या खालची ओल असलेली जागाही नाही, कारण तिथे सळया गंजलेल्या असू शकतात. बिल्डरकडून विचारून घेतलं की स्लॅब साधा आरसीसी आहे, पोस्ट-टेन्शन नाही. पोस्ट-टेन्शन स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतात, त्यात अंदाजाने ड्रिल घालायचंच नाही.

मग हूक बसवायच्या जागेचं पीओपी आणि प्लास्टर एक फुटाच्या चौकोनात छिलून काँक्रीट उघडं केलं. हे त्या मुलाने केलं असतं तर आई पडली नसती. आठ इंची चौकोनी, 8 मिमी जाड प्लेट आणि तिच्या कोपऱ्यांना एम-10 चे चार फास्टनर, एकमेकांपासून सहा इंचांवर. बाजारातल्या लहान तबकडीवर चार स्क्रू दोन-दोन इंचांवर असतात, पण त्यांचे शंकू एकमेकांत शिरतात आणि चार मिळून चौघांचं काम करत नाहीत. भोकं रोटरी हॅमरने काँक्रीटमध्ये 75 मिमी, बिटवर त्या मापाला चिकटपट्टी गुंडाळून. आमचा स्लॅब पाच इंची, त्यामुळे वर 50 मिमी शिल्लक राहतं. पूड पांढरी येते तोवर पीओपी, करडी यायला लागली की सिमेंटचं प्लास्टर किंवा काँक्रीट, हे आता मला नुसतं पाहून कळतं. तिसऱ्या भोकाला मशीन अडली, लोखंडाचा बारीक किस आला. सळई लागली होती. मिस्त्री जोर लावून पुढे जाणार होता. काकांनी थांबवलं, ते भोक ग्राउटने भरायला लावलं आणि प्लेट थोडी वळवून चारही जागा नव्याने आखल्या.

जुन्या दुकानदाराने आधी हात वर केले. बिलावर त्याने नुसतं ‘फिटिंग चार्जेस’ लिहिलं होतं, केमिकलचा उल्लेख नाही. माझ्याकडे त्याचा मेसेज होता, “केमिकल अँकरिंग 2800”. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मेसेज आणि भोकाचे फोटो जोडले. महिन्याभराने हुकाचे आणि फिटिंगचे पैसे परत आले. हॉस्पिटलचे आले नाहीत. तुम्ही बसवून घेणार असाल तर बिलावर फास्टनरचा साइझ, काँक्रीटमधली खोली आणि सुरक्षित भार लिहून घ्या. लिहायला नकार देणारा माणूस घरात घेऊ नका.

प्लेट बसल्यावर कडेने पेन्सिलची रेघ मारली. शेजारच्या साइटवरून सिमेंटच्या चार गोण्या, प्रत्येकी 50 किलोच्या, आणून फळीवर रचल्या आणि जमिनीपासून अर्धा फूट उंचीवर, खाली गादी टाकून, चोवीस तास टांगून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी रेघ होती तिथेच होती, नटही पान्याला हलले नाहीत. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती रेघ पाहते आणि खाली पूड आहे का ते बघते.

आई पहिले आठ दिवस चेअरजवळून नुसती जायची. मग एका दुपारी डाव्या हाताने दोरी धरून बसली. झोका घेतला नाही. पाय जमिनीवर टेकवून मेथी निवडत होती.