टाकीत मीठ काठोकाठ, तरी नळाला जड पाणी: सॉफ्टनरचे आठ महिने

आमचं घर संभाजीनगरच्या बाहेरच्या अंगाला आहे आणि वापराचं सगळं पाणी बोअरचं. पाणी दिसायला स्वच्छ, पण साबणाला फेस नाही, काळ्या फरशीवर पांढरे डाग, आणि गीझरची कॉइल दर उन्हाळ्यात बदलायची. तपासून घेतलं तर कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम निघाला. मार्चमध्ये २५ लिटर रेझिनचा, आपोआप धुतला जाणारा सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं मशीन, बसवला. आठ महिने झाले, म्हणून लिहायला बसले.

बसवायला आलेल्या मुलाला मी विचारलं, "मीठ पाण्यात मिसळतं का?" तो म्हणाला, "हो मॅडम, मिठानंच पाणी मऊ होतं." इथेच बहुतेकांची गल्लत होते. मऊ करण्याचं काम मीठ करतच नाही. ते रेझिन करतं. उंच नळकांड्यात खसखशीएवढे, मधाच्या रंगाचे लाखो मणी भरलेले असतात. प्रत्येक मण्यात ऋणभाराच्या जागा कायमच्या जखडलेल्या असतात आणि सुरुवातीला त्या जागांवर सोडियम बसलेला असतो. बोअरचं पाणी मण्यांमधून उतरलं की त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडियमला उठवून तिथे बसतात. त्यांचा भार दुप्पट, म्हणून एक कॅल्शियम दोन सोडियमना उठवतो. क्षार मण्यांवर राहतात, सोडियम पाण्याबरोबर नळाला येतो. म्हणूनच सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस मीटरचा आकडा फारसा बदलत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी मीटर बुडवून "मशीन फसवं आहे" असा निकाल देऊन टाकला होता. ते मीटर कठीणपणा मोजतच नाही.

जागा मोजक्याच असल्यामुळे मणी कधीतरी भरणार. माझ्या मशीनचा हिशेब असा. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरतं, म्हणजे २५ लिटर रेझिन १२५० ग्रॅम. माझ्या पाण्यात लिटरला जवळपास अर्धा ग्रॅम आहे, म्हणून एका दमात सुमारे २६०० लिटर पाणी मऊ मिळतं. आमचा वापर दिवसाला ७०० लिटर, तेव्हा दर तीन दिवसांनी मण्यांचं धुणं लावलंय, म्हणजे मिठाच्या पाण्याने ते पुन्हा मोकळे करणं. थोडी शिल्लक मुद्दाम ठेवली. मे महिन्यात लग्नाला पाहुणे होते तेव्हा ती शिल्लक संपली आणि तिसऱ्या दिवशी बादलीत पुन्हा तोच जुना खरखरीतपणा. माझं मशीन दिवस मोजतं, लिटर नाही. आता घेतलं असतं तर लिटर मोजणारं घेतलं असतं.

मिठाची पाळी येते ती इथे. पण मला खटकत होतं की कॅल्शियमची पकड इतकी घट्ट असेल तर सोडियम त्याला परत उठवणार कसा? उत्तर दाटपणात आहे. नळाच्या पातळ पाण्यात मणी कॅल्शियमलाच पसंती देतो. पण त्याच मण्यावर शेकडा दहा दाटीचं मिठाचं पाणी, म्हणजे लिटरला जवळपास १०० ग्रॅम मीठ, सोडलं की सोडियमची इतकी गर्दी होते की कॅल्शियमला जागा सोडावी लागते. एवढ्या दाट द्रावणात मण्याची कॅल्शियमवरची आवडही कमी झालेली असते. सुटलेला कॅल्शियम त्या खाऱ्या पाण्याबरोबर थेट गटारात जातो, घरात येत नाही. नुसत्या हिशेबाने माझ्या मशीनला एका धुण्याला दीड किलो मीठ पुरायला हवं. लागतं ३ किलो. ती दुप्पट मात्रा गर्दी टिकवण्यासाठी आहे, कंपनीने मीठ विकायला लावलेली युक्ती नाही.

हे सगळं रात्री दोनला होतं. आधी पाणी खालून वर सोडून मणी उसळवतात, त्यातला गाळ बाहेर पडतो. मग मिठाच्या टाकीतून खारं पाणी हळूहळू ओढलं जातं, नंतर तितक्याच सावकाश साध्या पाण्याने धुणं, शेवटी जोरात धुणं. सावकाश का, तर सोडियमला मण्याच्या आतपर्यंत शिरायला वेळ लागतो. शेवटी मशीन टाकीत पुढच्या वेळेसाठी साडेआठ लिटरच्या आसपास पाणी भरून ठेवतं, तेवढ्यात ३ किलो मीठ विरघळतं. म्हणजे मिठाचं माप पाण्यावर ठरतं. टाकीत पोतंभर ओतलं तरी एका वेळी तेवढंच जातं. एकूण दीड तास आणि सुमारे २०० लिटर पाणी जातं, हे मला अजून टोचतं. शिवाय त्या वेळात नळ सोडला तर मऊ न झालेलं जड पाणी येतं.

आता ऑगस्टची गोष्ट. गाडीवरून स्वस्त बारीक मीठ आणलं होतं. पावसाची हवा, झाकण नीट बसलेलं नाही. तीन आठवडे टाकी छान भरलेली दिसत होती, आणि मीही समाधानात. एके दिवशी केस धुताना शॅम्पूचा फेस बसेना. मशीनसोबत मिळालेल्या कठीणपणा तपासायच्या किटमध्ये पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली, तर रंग द्राक्षाच्या रसासारखा लाल. मऊ पाण्यात तो सुरुवातीलाच निळा यायला हवा. इथे किटमधल्या द्रवाचे थेंब टाकत गेले, टाकत गेले, आणि निळा व्हायला जवळपास बोअरच्या पाण्याइतकेच थेंब लागले. तेव्हा डोक्यात आलं की तीन आठवड्यांत सात धुणी झाली, २१ किलो मीठ संपायला हवं होतं आणि पातळी बोटभरसुद्धा उतरलेली नाही.

केरसुणीचा दांडा घालून दाबलं तर वर कडक थर, आणि थर फोडला तर खाली पोकळी! मीठ घट्ट होऊन त्याची कमान झाली होती, पाणी तळाशी येत होतं पण मिठाला शिवतच नव्हतं. म्हणजे रात्री दोनला मशीन सगळे आवाज करून मण्यांवरून साधं पाणी फिरवत होतं. गरम पाणी ओतून, दांड्याने हलकेच फोडून (तळाचा पाइप फुटू नये म्हणून जपून) सगळं सैल केलं, दोन तास विरघळू दिलं आणि लागोपाठ दोनदा धुणं चालवलं. दुसऱ्या दिवशी किट निळं. मण्यांचं काही बिघडलं नव्हतं, ते फक्त भरलेले होते.

तेव्हापासून खडे मीठ किंवा गोळ्या, टाकी अर्ध्याच्या वर नाही, आणि भिंतीवर पेनने पातळीची खूण. दहा दिवसांत १० किलो उतरलं नाही तर किट बाहेर. महिन्याला ३० किलो मीठ लागतं.

बाकी गोष्टी थोडक्यात. या महिन्यात गीझर उघडला, नवीन कॉइलवर नखाने निघेल इतकाही थर नव्हता. फरशीवरचे जुने डाग मात्र तसेच आहेत. साबण अंगावरून निघतच नाही असं पहिला महिना वाटत राहिलं. आपल्याला जुन्या खरखरीची सवय असते, म्हणून हा निसरडेपणा जाणवतो. साबणाची पूड निम्म्याने कमी लागते.

पिण्याला आम्ही हे पाणी घेत नाही. ४८० च्या पाण्यातून लिटरला जवळपास २२० मिलिग्रॅम सोडियम येतो आणि सासूबाईंना बीपीचा त्रास आहे. स्वयंपाकघराचा नळ त्यामुळे आधीच्या लाइनवर, त्यापुढे आरओ. अंगणातला नळही तसाच सोडलाय. सुरुवातीचे चार दिवस सासूबाई तुळशीला मऊ पाणी घालत होत्या. मी सांगितलं, "आई, तुळशीला बोअरचंच घाला." त्या म्हणाल्या, "मग एवढं मशीन कोणासाठी आणलं?"