तोतया खात्यांचा शोध: गुगल अलर्ट, ठरलेल्या वेळची फेरी आणि मेटाची ब्रँड-साधने यांपैकी काय निवडावे

आपल्या दुकानाचे नाव, लोगो आणि छायाचित्रे उचलून कोणी इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर दुसरे खाते उघडले, तर ते आपल्या ध्यानात येण्याआधी बहुधा एखाद्या ग्राहकाचे पैसे गेलेले असतात. इंदूरमध्ये महेश्वरी साड्या, नमकीन किंवा मसाले विकणाऱ्या आणि पुणे-मुंबईकडे कुरिअरने माल पाठवणाऱ्या मराठी व्यावसायिकांपुढे हा प्रश्न दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर हमखास उभा राहतो. अशी खाती वेळेत सापडावीत यासाठी साधारण तीन मार्ग आहेत, आणि सापडल्यावर तक्रार करण्याचेही तीन. छोट्या ब्रँडने त्यांतून काय निवडावे, एवढाच या आढाव्याचा विषय आहे. खालील उदाहरणांत `brandname` हे नाव केवळ नमुन्यादाखल घेतले आहे.

शोधाचे तीन मार्ग

पहिला मार्ग गुगल अलर्टचा. तो फुकट आहे, पाच मिनिटांत लावता येतो, आणि ईमेल लगेच हवी, दिवसातून एकदा हवी की आठवड्यातून एकदा, हे आपण ठरवू शकतो. शोधवाक्य मात्र विचारपूर्वक लिहावे लागते. आपले स्वतःचे संकेतस्थळ वगळले नाही, तर रोज आपल्याच पानांच्या सूचना येत राहतात, आणि आठवडाभरात त्या न उघडता पुसून टाकण्याची सवय लागते.

```
"brandname" (sale OR offer) -site:brandname.example
"brandname" saree whatsapp -site:brandname.example
```

अलर्टची खरी मर्यादा अशी की गुगलने ज्या पानाची नोंद घेतली आहे तेवढेच त्याला दिसते. परवा उघडलेले इन्स्टाग्राम खाते, व्हॉट्सॲपवरचा बनावट व्यवसाय क्रमांक, टेलिग्रामवरचा ग्रुप यांतले बहुतेक काही त्याच्या नजरेस पडत नाही. बनावट संकेतस्थळे, जुनी फेसबुक पेजेस आणि व्यापारी याद्यांवरच्या खोट्या नोंदी पकडायला अलर्ट उपयोगी आहे. समाजमाध्यमांवरच्या तोतयांसाठी त्याच्यावर विसंबू नये.

दुसरा मार्ग म्हणजे कॅलेंडरमध्ये वेळ लावून स्वतः मारायची फेरी. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु माझ्या मते छोट्या ब्रँडसाठी हाच मार्ग मुख्य असावा. त्याची पद्धत पुढे तपशिलाने दिली आहे.

तिसरा मार्ग फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या ‘ब्रँड राइट्स प्रोटेक्शन’ या साधनाचा. त्यात नावाबरोबर प्रतिमांवरूनही शोध घेता येतो आणि सापडलेल्या मजकुराविरुद्ध तिथूनच तक्रार करता येते. मात्र त्यासाठी नोंदणीकृत ट्रेडमार्क हवा. केवळ अर्ज दाखल झालेला असून चालत नाही. पैसे घेऊन देखरेख करणाऱ्या खासगी सेवाही उपलब्ध आहेत. पण एकच दुकान आणि एक-दोन खाती असणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाण्याआधी हाताची फेरी सलग काही महिने करून पाहावी, कारण तोतये कोणत्या माध्यमावर अधिक येतात हे कळल्याशिवाय कोणती सेवा घ्यायची हेही ठरत नाही.

फेरी नेमकी कशी मारावी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हा शोध आपल्या ब्रँडच्या खात्यावरून घेऊ नये. सराईत तोतया खाते उघडताच मूळ ब्रँडला ब्लॉक करतो. मग आपण कितीही शोधले तरी ते खाते आपल्याला दिसतच नाही, आणि ग्राहकाने पाठवलेली लिंकही आपल्याकडे उघडत नाही. इन्स्टाग्रामवर तर ब्लॉक करताना त्या व्यक्तीची इतर खातीही सोबतच ब्लॉक करण्याची सोय आहे, त्यामुळे आपलेच दुसरे खातेही उपयोगी पडेल याची खात्री नसते. घरातल्या एखाद्या व्यक्तीचे, दुकानाशी कधीही न जोडलेले खाते या कामासाठी वेगळे ठेवावे.

दुसरी गोष्ट नावाच्या रूपांची. शोधायची रूपे एकदा लिहून ठेवावीत आणि दर फेरीला तीच यादी वापरावी. नावापुढे `_official`, `.india`, `indore`, `store` लावून, मध्ये टिंब किंवा अधोरेषा घालून, एखादे अक्षर दुप्पट करून शोधावे. सगळ्यांत फसवी रूपे दिसण्यातल्या सारखेपणाची असतात: `brandname` ऐवजी `brandnarne` लिहिले, तर मोबाईलच्या बारीक अक्षरांत `rn` आणि `m` यांतला फरक सहसा कळत नाही. देवनागरीतही शोध घ्यावा. इंदूरचा ग्राहक नाव हिंदी वळणाने लिहितो आणि पुण्याचा मराठी वळणाने, त्यामुळे दोन्ही लेखने यादीत हवीत. ‘महेश्वरी’सारखा शब्द नावात असेल तर केवळ तेवढ्यावर शोधू नये. तो गावावरून आलेला आणि भौगोलिक मानांकनाशी निगडित शब्द आहे, कोणा एका दुकानाच्या मालकीचा नाही. त्यावर शोधल्यास शेकडो प्रामाणिक विणकर आणि दुकानदारच समोर येतील.

तिसरी गोष्ट, जी बहुतेक जण करत नाहीत, ती मेटाच्या जाहिरात-संग्रहाची. `facebook.com/ads/library` येथे देश भारत निवडून, सर्व जाहिराती हा प्रकार घेऊन, आपले नाव अवतरणचिन्हांत लिहून शोधावे. लॉगिनचीही गरज पडत नाही. तोतयाचे खाते नुसत्या शोधात वर येत नसले तरी त्याची जाहिरात इथे दिसते. मात्र भारतात साध्या व्यापारी जाहिराती चालू असेपर्यंतच या संग्रहात राहतात. बंद झाल्या की नाहीशा होतात. म्हणून दर सोमवारी सकाळी अकरालाच फेरी मारण्यापेक्षा वेळ बदलती ठेवावी, सणाच्या आधीचे तीन आठवडे ती रोज मारावी, आणि जाहिरात दिसताच तिचा लायब्ररी आयडी टिपून घ्यावा. एरवी आठवड्यातून एक फेरी पुरते.

एक प्रकरण

आमच्या नात्यातल्या, महेश्वरी साड्या विकणाऱ्या एका दुकानाच्या बाबतीत जाहिरात-संग्रहातच धागा सापडला. दुकानाचा लोगो, गोदाम रिकामे करण्याची घोषणा, पाचशेच्या आत साडी, आणि खाली व्हॉट्सॲपची लिंक. पेजवरील `Page transparency` हा भाग उघडल्यावर कळले की ते पेज काही वर्षे जुने होते, परंतु आधी वेगळ्याच नावाने, मोबाईलवरच्या खेळांसाठी चालत होते आणि नाव अलीकडेच बदललेले होते. पेज जुने आहे म्हणून ते विश्वासार्ह, असा समज ग्राहकांप्रमाणे दुकानदारांचाही असतो. नावाचा इतिहास पाहिला की तो दूर होतो. इन्स्टाग्रामवर हीच माहिती `About this account` मध्ये मिळते: खाते कधी उघडले, कुठून चालते, नाव किती वेळा बदलले. ही माहिती प्रत्येक खात्यावर दिसतेच असे नाही.

त्याच फेरीत आणखी दोन खाती सापडली, ती मात्र तोतया नव्हती. एक दुकानाचाच माल उचलणाऱ्या नागपूरच्या विक्रेतीचे होते आणि दुसरे एका चाहतीचे. तक्रार करण्याआधी आपल्या विक्रेत्यांची यादी समोर ठेवावी, नाहीतर आपल्याच माणसाचे खाते बंद व्हायचे. पैसे मागणे, आपला क्रमांक सोडून दुसरा क्रमांक देणे आणि स्वतःला मूळ दुकान म्हणवणे या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, तर संशयाला जागा राहत नाही.

तक्रारीचे तीन मार्ग

ॲपमधून तोतयेगिरीची तक्रार कोणीही करू शकते. ती सोपी आहे आणि तिला कागद लागत नाहीत; पण नाव थोडे वेगळे असेल, तर ती अनेकदा ‘नियमभंग आढळला नाही’ या उत्तरावर थांबते.

कॉपीराइटचा अर्ज अधिक परिणामकारक ठरतो, कारण छायाचित्रांच्या कॉपीराइटला नोंदणी लागत नाही. आपण मोबदला देऊन कोणाकडून छायाचित्रे काढून घेतली असतील, तर वेगळा करार नसल्यास भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार त्यांचे पहिले मालक आपणच असतो. त्या छायाचित्रकाराचे बिल मात्र जपून ठेवावे. या मार्गाने तेवढी छायाचित्रे उतरतात, खाते लगेच जाईलच असे नाही. शिवाय तक्रारदाराचे नाव आणि ईमेल समोरच्याला कळवले जातात, म्हणून अर्जात घरचा नव्हे, दुकानाचा ईमेल द्यावा.

ट्रेडमार्कचा अर्ज तिन्हींत भक्कम, कारण त्यात नावच मुद्द्याचे असते. पण त्यात नोंदणी क्रमांक, देश आणि नोंदणी ज्या माल-सेवांसाठी आहे त्यांचा वर्ग भरावा लागतो. साड्यांसाठी वर्ग २५, कापडासाठी २४, दुकानदारीसाठी ३५. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शासकीय शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, आणि इंदूरचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाच्या कक्षेत येतात. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर हरकतींसाठी चार महिन्यांची मुदत असल्याने नोंदणी तातडीने हाती येत नाही. तेव्हा निवड अशी करावी: ट्रेडमार्क नसेल तर आज कॉपीराइट आणि ॲपमधली तक्रार, आणि त्याच आठवड्यात ट्रेडमार्कचा अर्ज. नोंदणी मिळाल्यावर मेटाच्या साधनाचा विचार करावा.

कोणताही मार्ग घेतला तरी तक्रारीचे बटण दाबण्याआधी पुरावा जमवावा, कारण खाते उतरले की त्याच्याबरोबर सगळेच जाते. खात्याचा पूर्ण दुवा, युजरनेम आणि दिसणारे नाव दोन्ही, तारीख-वेळेसह पडद्याची छायाचित्रे, `About this account` चे पान, जाहिरातीचा आयडी, व्हॉट्सॲप क्रमांक आणि यूपीआय आयडी. एका ओळीत एक खाते याप्रमाणे हे सर्व शीटमध्ये भरावे. पुढच्या रकान्यात तक्रारीचा मार्ग, तिचा क्रमांक आणि आलेले उत्तर. व्हॉट्सॲप खात्याची तक्रार ग्राहकाने स्वतःच्या चॅटमधून केलेली बरी, कारण तक्रारीसोबत त्या चॅटमधले शेवटचे पाच संदेश व्हॉट्सॲपकडे जातात. ज्याचे पैसे गेले असतील त्याला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करायला सांगावे किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायला लावावे. ते काम दुकानाने त्याच्या वतीने करण्यापेक्षा त्याच्या बँकेच्या तपशिलासह त्यानेच केलेले योग्य.

माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर त्याचे उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वर अपील करता येते. त्यासाठी शीटमधला तक्रार क्रमांक लागतोच. खाते उतरल्यावरही ती ओळ पुसू नये. तोतया नाव बदलून परत येतो तेव्हा व्हॉट्सॲप क्रमांक आणि यूपीआय आयडी अनेकदा तेच असतात, म्हणून पुढच्या फेरीच्या यादीत नावाच्या रूपांच्या जोडीला ते दोन्हीही घालावेत.